दुपारचा वेग आणि रात्री आठचा वेग

*आम्ही भाड्याच्या घरात नुकतेच राहायला आलो आहोत आणि निदान दोन वर्षं इथेच असू. घरात पाच माणसं. यजमानांचं काम घरूनच चालतं, मी रोज संध्याकाळी सात ते नऊ ऑनलाइन शिकवण्या घेते, सासरे टीव्ही बघतात, दोन मुलं आहेत. दारावर आणि गॅलरीत एकेक कॅमेरा आहे. एक कंपनी म्हणते, ५जीचा डबा खिडकीत ठेवा, आजच ३०० एमबीपीएस चालू. दुसरीचं फायबर आहे, १०० एमबीपीएसचं, पण त्यासाठी भिंतीला भोक पाडावं लागेल आणि घरमालक नाखूश आहेत. तिप्पट वेग सोडून फायबर घेण्यात शहाणपण आहे का?*

ताई, फायबर घ्या. घरमालकांशी काय बोलायचं तेही सांगतो, पण आधी कारण सांगतो. घरमालक ऐकलेच नाहीत तर तुम्हाला ५जी घ्यावं लागेल, आणि तेव्हा नेमकं कुठे लक्ष ठेवायचं ते ठाऊक असायला हवं.

३०० आणि १०० हे दोन्ही आकडे डाउनलोडचे आहेत, म्हणजे बाहेरून घरात किती येतं त्याचे. तुमच्या घराचं अडणार आहे ते घरातून बाहेर किती जातं यावर. शिकवताना तुमचा चेहरा, तुमचा आवाज आणि फळा हे सगळं तुमच्या घरातून बाहेर जायचं असतं. ते अपलोड. जाहिरातीत हा आकडा एक तर बारीक अक्षरात असतो, नाही तर नसतोच.

तुमच्या घरातली रात्री आठची वेळ डोळ्यांसमोर आणा आणि हिशेब मांडू. सासऱ्यांच्या टीव्हीवर अगदी ४के चित्र चालू असलं तरी त्याला फार तर २५ एमबीपीएस लागतात. दोन्ही मुलं आपापल्या पडद्यावर एचडी व्हिडिओ बघत असतील तर प्रत्येकी ५, म्हणजे १०. यजमानांची मीटिंग चांगल्या चित्रासह ४, तुमचा वर्ग ४. झाले ४३. म्हणजे घरात येणाऱ्या बाजूला १०० सुद्धा दुपटीपेक्षा जास्त होतात, आणि त्यावरचे २०० तुम्हाला एखादी मोठी फाइल उतरवतानाच जाणवतील, तेही काही मिनिटं. आता बाहेर जाणारी बाजू बघा. यजमानांचे ४, तुमचे ४, दोन कॅमेरे सतत चित्र पाठवत असतील तर प्रत्येकी २ धरू, म्हणजे आणखी ४. एकूण १२. शिवाय घरातले चार-पाच फोन वाय-फाय दिसलं की दिवसभरात काढलेले फोटो आणि व्हिडिओ वर चढवायला लागतात. त्यांच्या मागणीला ठरावीक आकडा नसतो. जेवढी जागा मिळेल तेवढी ते व्यापतात.

५जीच्या डब्याची खरी अडचण याच बाजूला आहे. घरगुती ५जी बहुतेक ठिकाणी साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालतं. या पट्ट्यात एकाच वाटेवरून दोन्ही दिशांची वाहतूक आळीपाळीने सोडतात, अरुंद पुलावर एकदा इकडची आणि एकदा तिकडची वाहनं सोडावीत तशी. लोक बघतात जास्त आणि पाठवतात कमी, म्हणून कंपन्या पुलाचा बहुतांश वेळ येणाऱ्या बाजूला देतात. बरेचदा पाचातला जेमतेम एक हिस्सा जाणाऱ्या बाजूच्या वाट्याला येतो. त्यात ताकदीचा फरक आहे. टॉवरवरचं यंत्र शंभर-दोनशे वॅटच्या ताकदीने बोलू शकतं, तर तुमच्या खिडकीतल्या डब्याला अर्ध्या वॅटपेक्षाही कमी ताकदीत उत्तर द्यायचं असतं. टॉवरचं बोलणं तुमच्या घरात स्वच्छ ऐकू येतं, पण तुमच्या डब्याचा आवाज टॉवरपर्यंत पोचेस्तोवर क्षीण झालेला असतो. म्हणून एकाच चाचणीत डाउनलोड ३०० आणि अपलोड १० किंवा १५ असं दिसू शकतं, आणि यंत्र मुळीच बिघडलेलं नसतं.

फायबरमध्ये एकाच काचेच्या धाग्यातून दोन वेगळ्या लांबीच्या प्रकाशलहरी उलटसुलट धावतात. येणारा प्रकाश साधारण १४९० नॅनोमीटरचा, जाणारा १३१० चा. त्यांना एकमेकांसाठी थांबावं लागत नाही. म्हणून फायबरच्या बऱ्याच योजनांत अपलोड आणि डाउनलोड सारखेच देता येतात. सगळ्याच योजना तसं देतात असं मात्र नाही. तुमच्या १०० एमबीपीएसच्या योजनेत अपलोड किती, हे आजच फोन करून विचारा आणि उत्तर लेखी मागा. तिथेही २० निघाले तरी तुमचं भागेल. १० निघाले तर वरची योजना घ्या.

आता १२ ची गरज आणि १० चं अपलोड म्हणजे नेमकं काय होतं ते सांगतो, कारण तक्रार करताना लोकांना ते शब्दांत मांडता येत नाही. नेट बंद पडत नाही, चाचणीही बरी दिसते, पण समोरची मुलं म्हणतात, “टीचर, तुमचा आवाज तुटतोय.” जाणारं सामान वाटेपेक्षा जास्त झालं की डबा ते फेकून देत नाही, आपल्याकडे रांगेत लावतो. समजा कुणाचा तरी फोन व्हिडिओ चढवतो आहे आणि डब्यात एक मेगाबाइटची रांग साचली. एक मेगाबाइट म्हणजे ८ मेगाबिट. सेकंदाला १० मेगाबिट जाणाऱ्या वाटेवर ही रांग सरायला ०.८ सेकंद लागतो. तुमच्या तोंडून निघालेला शब्द त्या रांगेच्या शेवटी उभा असतो. संभाषणात पाऊण सेकंदाचा उशीर म्हणजे दोघांनी एकाच वेळी बोलायला लागणं, मग दोघांनी थांबणं, आणि उशीर कमीजास्त होत राहिला की आवाजाचे तुकडे पडणं. तीच एक मेगाबाइटची रांग १०० च्या अपलोडवर ०.०८ सेकंदात सरते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. फायबर तुम्हाला लागतं ते यासाठी. सासऱ्यांचा टीव्ही दोन्हीकडे सारखाच दिसेल.

दुसरी गोष्ट रात्रीच्या गर्दीची. इथे फायबरवाले म्हणतात तेही अर्धंच खरं असतं. ‘आमची लाइन फक्त तुमची’ असं सांगतात, पण बहुतेक घरगुती फायबर वाटून घेतलेलंच असतं. कंपनीकडून एक धागा निघतो, वाटेत स्प्लिटर नावाच्या, वीज न लागणाऱ्या छोट्या भागात त्याचे ३२ किंवा ६४ फाटे होतात, आणि एक फाटा तुमच्या घरात येतो. जीपॉन या आज सर्वांत पसरलेल्या पद्धतीत त्या मूळ धाग्यात येणाऱ्या बाजूला साधारण २,४८८ एमबीपीएस आणि जाणाऱ्या बाजूला १,२४४ मावतात. आता सर्वांत वाईट प्रसंग धरा: ३२ ची ३२ घरं एकाच क्षणी नेट पूर्ण ताकदीने ओढताहेत. तरीही प्रत्येकाला येणारे ७७ आणि जाणारे ३८ मिळतात. ६४ घरं असली तर याच्या निम्मे. असं सगळ्यांनी एकदम ओढणं प्रत्यक्षात फारसं घडत नाही, पण घडलं तरी तुमचे १२ कुठे जात नाहीत. कंपनीने पुढची मोठी लाइनच अपुरी ठेवली असेल तर फायबरही रात्री रखडतं. ते ओळखायला शेजारच्यांना रात्रीचा अनुभव विचारणं हाच उत्तम उपाय.

टॉवरचं गणित असं बांधता येत नाही. टॉवरचा एक चेहरा, म्हणजे एका दिशेचा अँटेना, समजा त्याच्या टापूतल्या सगळ्यांना मिळून ६०० एमबीपीएस देऊ शकतो. त्यावर वीस घरांनी ४के टीव्ही लावला की ५०० संपले. उरलेल्यात त्या भागातले सगळे फोन, रस्त्यावरून जाणाऱ्यांचे आणि गाड्यांमध्ये बसलेल्यांचेही. शिवाय स्प्लिटरवर किती घरं बसतील याला मर्यादा असते. टॉवरवर पुढच्या महिन्यात किती डबे वाढतील ते कुणी सांगू शकत नाही. सहसा न बोलली जाणारी आणखी एक बाब अशी की ज्या घरात सिग्नल कमजोर आहे, त्याला तेवढंच सामान पोचवायला टॉवरचा जास्त वेळ जातो. म्हणजे चार घरांनी डबा चुकीच्या कोपऱ्यात ठेवला, तर त्याची झळ तुमच्या वर्गालाही बसते. काही कंपन्या गर्दीच्या वेळी घरगुती डब्यांना फोनच्या मागे उभं करतात, हेही योजनेच्या अटींत शोधा.

माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी हे सगळं मी जवळून पाहिलं. तिच्याकडे फायबर पोचत नव्हतं, म्हणून तिने ५जीचा डबा घेतला. पहिल्या दुपारी वेग उत्तम, आठवड्याभरात वैताग. मी गेलो तेव्हा डबा बंद खिडकीच्या आत, टॉवरच्याच दिशेला ठेवलेला होता. जागा अगदी बरोबर वाटावी अशी. डब्याच्या माहितीच्या पानावर सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या `RSRP` या नावापुढे उणे १०८ दिसत होतं; हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. खिडकीची काच सरकवली आणि अर्ध्या मिनिटात तो आकडा उणे ८९ वर आला. काच उष्णता अडवणारी होती. अशा काचेवर धातूचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर असतो, आणि तो उन्हाबरोबर रेडिओ लहरीही परतवतो. १९ डेसिबलचा फरक म्हणजे सुमारे ऐंशीपट ताकद काचेत अडत होती. आम्ही कंपनीकडून बाहेर बसवायचा अँटेना मागून घेतला आणि बरचसं सुधारलं. रात्रीची गर्दी मात्र तशीच राहिली. तिच्यावर घरात बसून काही करता येत नाही.

म्हणून घरमालकांचा निर्णय येईपर्यंत तुम्ही एक चाचणी करून ठेवा. ज्या कंपनीचा डबा आहे तिचंच ५जी सिम असलेला एखादा फोन मिळवा, नातेवाइकाचा असला तरी चालेल. फोनचं वाय-फाय बंद करा आणि जिथे डबा ठेवायचा त्याच खिडकीत फोन ठेवा. आज दुपारी तीनला, आज रात्री आठला, आणि असंच आणखी दोन दिवस, त्यातला एक सुटीचा. दर वेळी डाउनलोड आणि अपलोड दोन्ही लिहून ठेवा. दुपारचा आकडा हा तुमच्या कामाचा नाहीच, तो फक्त रात्रीशी ताडून बघायला. दुपारी ३०० आणि रात्री ६० निघाले तर टॉवरवर गर्दी आहे. दोन्ही वेळा ४० निघाले तर गर्दी नव्हे, सिग्नलच कमी आहे, आणि मग जागा बदलून किंवा बाहेरच्या अँटेनाने फरक पडू शकतो. डब्याचे अँटेना फोनपेक्षा मोठे असतात, त्यामुळे सिग्नलच्या बाबतीत डबा फोनपेक्षा थोडा बरा ठरेल. गर्दीच्या बाबतीत मात्र फोन दाखवतो तेच, किंवा त्याहून वाईट, समजा.

मग रांगेची चाचणी करा, हीच खरी. त्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप जोडा. विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत हे लिहा:

```
ping -t 8.8.8.8
```

मॅक किंवा लिनक्स असेल तर `-t` शिवाय. दर सेकंदाला एक ओळ येत राहील आणि तिच्यात `time` पुढे मिलिसेकंदांचा आकडा असेल. घरात शांतता असताना ५जीवर तो २० ते ५० च्या घरात असतो, फायबरवर बहुधा त्याहून कमी. आता त्याच लॅपटॉपवरून एखादा मोठा व्हिडिओ आपल्या ऑनलाइन साठ्यात चढवायला लावा आणि आकडा बघत राहा. ६०-७० पर्यंत गेला तर वर्ग चालेल. ३०० च्या पुढे गेला, किंवा मधूनमधून `Request timed out` दिसलं, तर रात्री आठला मुलांना तुमचा आवाज तुटकच ऐकू येईल, मग डाउनलोड कितीही दिसो. थांबवायला `Ctrl` आणि `C` एकदम दाबा.

समजा तुमची तीन रात्रींची नोंद अशी निघाली: डाउनलोड ११०, १४०, ९०; अपलोड १४, ९, ११; आणि व्हिडिओ चढवताना `time` ४०० च्या आसपास. कागदावर हे सरासरी ‘१०० च्या वर’ नेट आहे आणि टीव्हीसाठी ते झकास आहे. पण तीनपैकी दोन रात्री अपलोड तुमच्या १२ च्या खाली आहे. अशा घराला मी ५जी सुचवणार नाही. तेच आकडे अपलोड ३५, ३०, ४० आणि `time` ८० असे निघाले, तर घरमालकांशी वाद घालण्यात अर्थ नाही. डबा घ्या आणि मोकळ्या व्हा. टॉवर जवळ असेल आणि मध्ये काही आड येत नसेल, तर असे आकडे खरोखर मिळतात. ज्या घरात फक्त बघणंच चालतं, कुणी घरून काम करत नाही, किंवा जिथे सहा-आठ महिन्यांत घर बदलायचं आहे, तिथेही मी ५जीच सांगतो. डबा उचलून नेता येतो आणि भिंतीला हात लागत नाही. मात्र नवीन पत्त्यावर तो चालेल की नाही, हे आधी विचारून घ्यावं लागतं. पुष्कळ कंपन्या डबा ठरावीक पत्त्याला बांधतात.

आता घरमालक. ‘भिंतीला भोक’ म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर एसीच्या पाइपाचं भोक येतं. फायबरची घरात येणारी चपटी तार साधारण २ मिलिमीटर बाय ३ मिलिमीटर असते, पेन्सिलीपेक्षाही बारीक. तिच्या टोकाचं कनेक्टर तार आत ओढून घेतल्यावरही बसवता येतं, त्यामुळे कनेक्टर मावेल एवढं मोठं भोक पाडायची गरज नसते. पुष्कळदा भोकही लागत नाही. जुन्या टेलिफोनची किंवा टीव्हीच्या केबलची वाट असते, एसीच्या पाइपाशेजारी फट असते. घरमालकांना तारेचा एक तुकडा प्रत्यक्ष दाखवा. बसवायला येणाऱ्या माणसाकडे तो असतोच. घर सोडताना भोक बुजवून देईन, हे लिहून द्या, आणि तार कुठून येईल ते ड्रिल लावण्याआधी त्यांच्यासमोर ठरवा. पुढच्या भाडेकरूलाही तीच तार कामाला येईल, हे त्यांच्या फायद्याचं आहे, तेही सांगा.

बसवतानाची एक फसगत मात्र टाळा. ‘फायबर’ या नावाने विकलं जाणारं सगळंच घरापर्यंत फायबर नसतं. कधी काचेचा धागा इमारतीच्या गच्चीपर्यंत किंवा जिन्याखालच्या पेटीपर्यंत येतो आणि तिथून पुढे साधी तांब्याची लॅन केबल घरात सोडतात. जवळचं अंतर असेल तर वेग ठीक मिळतो, पण त्या पेटीची वीज गेली की तुमच्या घरात इन्व्हर्टर असूनही नेट जातं. ओळखायचं सोपं आहे. बाहेरून येणारी तार बारीक असेल, तिच्या टोकाला बहुधा हिरवं चौकोनी कनेक्टर असेल आणि ती ज्या डब्यात जाते त्यावर `PON` आणि `LOS` असे दोन दिवे असतील, तर धागा खरोखर घरात आला. बोटाएवढ्या रुंद, पारदर्शक टोकाची जाड केबल बाहेरून थेट राउटरमध्ये जात असेल, तर नाही. पैसे भरण्याआधी विचारा: “धागा माझ्या घरात येणार का?”

तारेला दाब आणि तीव्र वळण सोसत नाही. माझ्या घरी एकदा सकाळी `LOS` चा दिवा लाल होऊन लुकलुकायला लागला. मी दोनदा डबा बंद-चालू केला, जे अगदी निरुपयोगी होतं, कारण लाल `LOS` चा अर्थच प्रकाश पोचत नाही असा आहे, आणि प्रकाश डबा चालू-बंद करून येत नाही. आदल्या दिवशी साफसफाई करताना कपाट मागे सरकवलं होतं आणि त्याच्या पायाखाली तार चेंगरली होती. तार बदलायला दोन दिवस गेले. ५जीच्या तुलनेत फायबरची ही खरी उणीव आहे. टॉवर बिघडला तर हजारोंची तक्रार जाते आणि माणसं लगेच धावतात. तुमची एकट्याची तार तुटली तर तुम्ही लाइनमनच्या यादीत एक नाव असता. त्यामुळे फायबर घेतल्यावरही फोनचा हॉटस्पॉट राखून ठेवा, शक्यतो दुसऱ्या कंपनीच्या सिमचा, आणि एकदा त्यावर वर्ग घेऊन बघा. दोन तासांच्या व्हिडिओ वर्गाला दोन-तीन जीबी डेटा सहज लागतो, तेवढा तुमच्या फोनच्या योजनेत आहे का ते आधीच तपासा.

वीज जाते तेव्हाचं थोडक्यात: फायबरचा डबा आणि राउटर मिळून सहसा २० वॅटच्या आत भागतं, त्यामुळे राउटरसाठी मिळणारा छोटा बारा व्होल्टचा बॅटरी डबा एक वर्ग पार पाडायला पुरतो. वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागतच नाही. घेण्याआधी दोन्ही यंत्रांना खरंच बारा व्होल्ट लागतात का, ते त्यांच्या अडॅप्टरवर वाचा.

कॅमेऱ्यांबद्दल एकच. ते कंपनीच्या ॲपमधून बघत असाल तर दोन्हीकडे चालतील. बाहेरून थेट घरच्या पत्त्यावर जोडून बघत असाल, तर राउटरच्या पानावर `WAN IP` बघा. तो `100.64` ते `100.127` यांच्यामध्ये सुरू होत असेल तर एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे आणि बाहेरून थेट जोडणी होणार नाही. ५जीवर हे जवळजवळ नेहमीच असतं, फायबरवरही पुष्कळ कंपन्या असंच करतात, पण तिथे वेगळा पत्ता मागून मिळण्याची शक्यता जास्त.

आणि ज्या लॅपटॉपवर तुम्ही शिकवता तो वाय-फायवर ठेवू नका. राउटर बाहेरच्या खोलीत आणि तुम्ही दोन भिंतींपलीकडे, मध्ये मुलांचे फोन, म्हणजे बाहेरून उत्तम आलेलं नेट घरातच झिजतं. राउटरपासून तुमच्या टेबलापर्यंत एक साधी लॅन केबल भिंतीच्या कडेने ओढून घ्या. फोटो चढवणं रात्री अकरानंतर होईल असं फोनमध्ये ठरवता येत असेल तर तसं ठेवा. नाहीच ठरवता आलं, तर वर्गाच्या दोन तासांत घरातल्यांच्या फोनमधली ती सोय बंद ठेवा.

फायबर बसवायला माणूस येईल त्या दिवशी दोन गोष्टी त्याच्यासमोरच करून घ्या. लॅपटॉप केबलने जोडून डाउनलोड आणि अपलोड दोन्ही मोजा. आणि त्याच्या हातातल्या मीटरवर घरात पोचलेल्या प्रकाशाची ताकद किती आहे, ते विचारून कागदावर लिहून डब्याच्या खाली चिकटवा. तो आकडा उणे १५ ते उणे २४ डीबीएमच्या दरम्यान असेल तर निर्धास्त राहा. उणे २७ च्या आसपास असेल तर त्याला जाऊ देऊ नका. जीपॉनची बहुतेक यंत्रं उणे २७-२८ च्या पलीकडे प्रकाश वाचू शकत नाहीत, म्हणजे तुमची तार पहिल्याच दिवशी काठावर आहे. जोड पुसून किंवा नवा करून तो दहा मिनिटांत दुरुस्त करू शकतो. पुढे कधी नेट अडखळायला लागलं, तर तक्रार करताना हा पहिल्या दिवशीचा आकडा वाचून दाखवा आणि आजचा मोजायला सांगा.